मंडईतले ऑम्लेट, सकाळचा फोडणीचा भात आणि पोटाचे घड्याळ

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या झाडीपट्टीच्या पट्ट्यात दिवाळी सरली की गावोगाव मंडई नावाची जत्रा भरते. दिवसा दंडार, रात्री नाटक, घरात दहा-पंधरा पाहुणे आणि मैदानाच्या कडेला आलुबोंडा, भजी, गुपचूप आणि अंड्यांच्या गाड्या, असा तो थाट असतो. आरोग्य खात्यातल्या नोकरीची बहुतेक वर्षे मी या भागात काढली आहेत, आणि मंडईच्या दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात उलट्या-जुलाबाचे रुग्ण येणार, हे आम्ही धरूनच चालत असू. तरीही ज्या प्रसंगातून मला हा विषय नीट उलगडला, तो माझ्याच घरी घडला.

त्या वर्षी आमच्याकडे मंडईला बारा पाहुणे होते. संध्याकाळी साडेपाचला मोठ्या गंजात भात शिजला आणि सातला पंगत बसली. साधारण निम्मा भात उरला, तो गंजातच झाकून चुलीशेजारी राहिला. रात्री साडेदहाच्या सुमारास पुतण्या, पुण्याहून आलेले मेहुणे आणि शेजारचा एक मुलगा नाटकाच्या मैदानावर अंड्याच्या गाडीवर गेले. पुतण्याने आणि मेहुण्यांनी ऑम्लेट घेतले, शेजारच्या मुलाने दोन उकडलेली अंडी घेऊन स्वतः सोलून खाल्ली. सकाळी साडेआठला उरलेल्या भाताला कांदा, हिरवी मिरची आणि हळदीची फोडणी बसली. तो भात पाच जणांनी खाल्ला. त्यांत पुतण्या होता, मेहुणे मात्र नुसता चहा घेऊन पुन्हा झोपले होते.

अकरा वाजेपर्यंत भात खाणाऱ्या पाचांपैकी चौघांना उलट्या सुरू झाल्या. ताप कोणालाही नव्हता, जुलाबही फारसे नव्हते, आणि संध्याकाळपर्यंत चौघेही सावरले. काकूंनी निदान करून टाकले, "काल राती अंडे खाल्ले ना बाप्पा, त्याचंच हाय हे." पण चौघांपैकी तिघांनी अंड्याला हातही लावला नव्हता. खरे अंड्याचे प्रकरण सहाच्या सुमारास सुरू झाले. पुतण्याला आणि मेहुण्यांना थंडी वाजून ताप भरला, पोटात पीळ पडू लागला आणि पाण्यासारखे जुलाब लागले. ते दुखणे पुढे पाच दिवस चालले. उकडलेली अंडी खाणारा मुलगा ठणठणीत राहिला.

नमुने प्रयोगशाळेत गेले नाहीत, म्हणून हे दोन वेगळे आजार होते असे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण वेळेचा हिशेब इतका चोख जुळतो की दुसरा अर्थ लावणे अवघड आहे. भातातल्या जंतूचे उलट्यांचे विष खाल्ल्यापासून साधारण अर्ध्या ते सहा तासांत आपला प्रताप दाखवते, ताप आणत नाही आणि दिवसभरात ओसरते. अंड्यातून येणाऱ्या सॅल्मोनेला या जंतूला मात्र आतड्यात रुजून वाढायला वेळ लागतो. तो सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही उभा राहू शकतो, बहुधा बारा ते छत्तीस तासांत, आणि सोबत ताप घेऊन येतो. पुतण्याच्या पोटात एकाच दिवशी दोन्ही घड्याळे चालू होती. म्हणून पोट बिघडल्यावर शेवटी काय खाल्ले एवढेच विचारून भागत नाही. मागच्या दोन-तीन दिवसांत काय, किती वाजता आणि कोणासोबत खाल्ले, हे लिहून काढावे लागते.

अंडे: जंतू शिजवल्याने मरतो, पण आधी आणि नंतर पसरतो

सॅल्मोनेला हे नाव डॅनियल सॅल्मन या अमेरिकी पशुवैद्यकाच्या आडनावावरून पडले आहे, सॅल्मन माशाशी त्याचा काही संबंध नाही. हा जंतू कोंबडीच्या आतड्यात राहतो आणि कोंबडी वरून अगदी निरोगी दिसते. अंड्यात तो दोन वाटांनी येतो. एक वाट कवचावरून, म्हणजे विष्ठा लागल्याने. दुसरी कोंबडीच्या पोटातूनच, कवच तयार होण्याआधी. दुसऱ्या वाटेने आलेला जंतू स्वच्छ दिसणाऱ्या, न तडकलेल्या अंड्यातही असू शकतो. गावरान अंडे म्हणजे सुरक्षित अंडे, ही समजूत येथे फार पक्की आहे आणि ती चुकीची आहे. अंगणात, उकिरड्यावर फिरणारी कोंबडी पिंजऱ्यातल्या कोंबडीपेक्षा कमी जंतू वाहते, असे मानण्याला आधार नाही.

घरी कोंबड्या असतील तर कामाची सुरुवात खुराड्यातून होते. अंडी घालण्याच्या टोपलीतले तणस कोरडे ठेवावे, ओले किंवा विष्ठा लागलेले दिसले की बदलावे आणि अंडी दिवसातून दोन वेळा उचलावीत. कोंबडी कुठे तरी काट्याकुट्यात अंडी घालते आणि चार-सहा दिवसांनी ती सापडतात, अशी अंडी खाण्यासाठी वापरू नयेत. तडा गेलेले अंडे टाकून द्यावे. अंडी उचलल्यावर हात साबणाने धुवावेत. हे काम बहुधा लहान मुले हौसेने करतात आणि तेच हात लगेच तोंडात जातात, म्हणून मुलांच्या बाबतीत हे अधिक पाहावे.

अंडे धुवावे की नाही, यावर घरोघरी वाद होतो. आणल्याबरोबर गार पाण्यात अंडी बुडवून धुणे ही सर्वांत वाईट पद्धत आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रे असतात आणि ताज्या अंड्यावर ती झाकणारा एक पातळ थर असतो. पाण्याने चोळल्यावर तो थर निघतो. त्यात अंडे कोमट आणि पाणी गार असले की आतला द्रव किंचित आकसतो आणि बाहेरचे मळके पाणी छिद्रांतून आत ओढले जाते. म्हणून सुकलेली घाण कोरड्या फडक्याने किंवा कागदाने पुसावी, ते फडके स्वयंपाकघरात परत नेऊ नये, आणि फार माखलेले अंडे वापरूच नये. धुवायचेच असेल तर शिजवण्याच्या अगदी आधी, अंड्यापेक्षा गरम असलेल्या वाहत्या पाण्याखाली धुवावे आणि लगेच वापरावे.

साठवणीत उष्णता हा खरा शत्रू आहे. ताज्या अंड्यात जंतू असला तरी पांढऱ्या भागात त्याला वाढायला फारसे काही मिळत नाही. अंडे जुने होत जाते तसा बलकाभोवतीचा पडदा सैल पडतो, बलकातले पोषण बाहेर झिरपते आणि जंतूची भरभराट सुरू होते. गारव्यात हे हळूहळू घडते आणि आमच्याकडच्या चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात झपाट्याने. फ्रिज असेल तर अंडी दारातल्या खणात ठेवू नयेत, आत ठेवावीत, आणि एकदा आत गेलेली अंडी उगाच बाहेर काढून ठेवू नयेत, कारण त्यांच्यावर दव धरते आणि त्या ओलाव्यातून जंतूला आत शिरायला वाट मिळते. फ्रिज नसेल तर मार्चपासून जूनपर्यंत दोन-तीन दिवसांपुरतीच अंडी घ्यावीत, पत्र्याखाली किंवा चुलीजवळ न ठेवता घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावीत. पाण्यात टाकून अंडे तरंगते का, हे पाहण्याची चाल चांगली आहे, पण ती फक्त अंड्याचे वय सांगते. तळाशी बसलेल्या अंड्यातही सॅल्मोनेला असू शकतो.

चुलीवरची गोष्ट त्यामानाने सोपी आहे. अंड्याच्या मध्यभागी साधारण सत्तर अंशांच्या वर तापमान गेले की हा जंतू मरतो, आणि ते ओळखायला थर्मामीटर लागत नाही. बलक घट्ट झाला आणि पांढरा भाग कुठेही पारदर्शक राहिला नाही, एवढे पुरे. उकडताना अंडी गार पाण्यात ठेवून पाण्याला खळखळून उकळी आल्यावर दहा मिनिटे मोजावीत. ऑम्लेट दोन्ही बाजूंनी, भुर्जी ओलसर चकाकी जाईपर्यंत परतावी. मळलेल्या बोटांनी किंवा अंडे फेटलेल्या वाटीतल्या चमच्याने कोथिंबीर घालण्याची सवय मात्र सारी मेहनत वाया घालवते. अंडे फोडल्यावर कवचे वेगळ्या भांड्यात टाकावीत, हात धुवावेत, आणि कांदा-कोथिंबीर अंड्याला हात लावण्याआधीच चिरून ठेवावी. दुधात कच्चे अंडे फेटून पिणे, जे आखाड्यातली मुले अजूनही करतात, त्याने ताकद वाढत नाही. शिजवलेल्या अंड्यातले प्रथिन उलट अधिक पचते.

भात: येथे दोष चुलीनंतरचा आहे

अंड्याच्या उलट भातात घडते. तांदळाच्या दाण्यावर शेतातल्या मातीतूनच बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूची बीजाणू-रूपे येतात. ही रूपे उकळत्या पाण्यातही तग धरतात. शिजलेला भात कोमट झाला की ती जागी होतात, वाढतात आणि भातातच विष सोडतात. इंग्लंडमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला चिनी उपाहारगृहांतल्या तळलेल्या भाताने लोक आजारी पडले, तेव्हा ही वाट लक्षात आली. तिथे भात रात्री शिजवून तसाच बाहेर ठेवत आणि दुसऱ्या दिवशी तव्यावर झटपट परतून देत. आपला फोडणीचा भात नेमका हाच प्रकार आहे.

या विषाची खोडी अशी की ते उष्णतेने नष्ट होत नाही. 121 अंशांवर दीड तास ठेवले तरी ते टिकते, आणि घरचा प्रेशर कुकर जेमतेम तेवढ्या तापमानाला पोहोचतो. म्हणून फोडणी कितीही कडक दिली, लसूण-हळद कितीही घातली, भात लाल होईपर्यंत परतला, तरी आधी तयार झालेले विष तसेच राहते. वास, रंग आणि चव यांवरूनही ते कळत नाही. आंबलेला, चिकट झालेला भात आपण टाकतो, पण ते काम दुसऱ्या जंतूंचे असते. आमच्या घरच्या त्या भाताला कसलाही वास नव्हता.

मग तो कोमट राहिला कसा, नोव्हेंबरची रात्र तर गार होती? उत्तर गंजात आहे. उंच भांड्यात घट्ट दाबलेला आणि झाकलेला पाच-सहा किलो भात वरून गार लागतो, पण त्याचा मध्य पहाटेपर्यंत कोमट असतो. सकाळी वहिनींनी भात मोकळा करण्यासाठी मध्यभागी हात घातला तेव्हा तो उबदार लागला आणि त्यांना उलट बरे वाटले, कारण भात अजून ताजा आहे असा त्याचा अर्थ त्यांनी घेतला. ती ऊब हाच धोक्याचा इशारा होता.

म्हणून उरलेल्या भाताचा निर्णय जेवणाच्या पंगतीतच घ्यावा, सकाळी नव्हे. जेवण संपता संपता उरलेला भात कोपरात किंवा मोठ्या परातीत दोन बोटे जाडीचा पसरावा, वर पातळ सुती कापड टाकावे आणि पंख्याखाली ठेवावा. असा भात अर्ध्या-पाऊण तासात गार होतो. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात एका तासाच्या आत, तो उथळ डब्यात भरून फ्रिजमध्ये जायला हवा. गरम भाताचा खोल डबा थेट फ्रिजमध्ये ठेवणे पुरेसे नाही, कारण त्याच्या मध्यापर्यंत गारवा पोहोचायला कित्येक तास लागतात. दुसऱ्या दिवशी तो एकदाच, दाण्यादाण्यातून वाफ निघेपर्यंत गरम करावा आणि त्यातूनही उरला तर टाकावा. रात्रभर वीज गेली असेल आणि सकाळी डबा हाताला गार लागत नसेल, तर तोही टाकावा.

फ्रिज नसेल तर मी स्पष्ट सांगतो की उरलेला भात रात्रभर ठेवण्याची बिनधोक पद्धत नाही. पसरून वाळवला, पाण्यात बुडवला किंवा पहाटे उठून एकदा उकळला, तरी धोका कमी-जास्त होतो, मिटत नाही. मग तांदूळ मोजून घालणे हाच उपाय उरतो. पाहुण्यांच्या घरी भात कमी पडला तर नाक कापले जाते, ही भीती मला कळते. पण एका वेळी सगळा भात शिजवण्याऐवजी दोन हप्त्यांत शिजवला तर ती भीतीही राहत नाही. पहिली पंगत उठत असताना दुसरा भात चुलीवर ठेवावा आणि माणसे मोजून त्यात तांदूळ घालावेत. आता आमच्याकडे असेच होते. भात झाकून ठेवायचाच असेल तर तो दुपारी शिजवून दुपारीच संपवावा, आणि पंगत होईपर्यंत गरम डब्यात वाफाळता राहील असे पाहावे.

गाडीवर उभे राहण्याआधी

गाडीवर अंडे आणि भात यांचे दोन्ही दोष एकत्र येतात, आणि त्यांत पाणी व हात यांची भर पडते. बाहेरून आलेल्या माणसाला, मग तो पुण्याहून आमच्या मंडईला आलेला असो की आमच्यातला कोणी पंढरपूरला गेलेला असो, जो प्रवासातला जुलाब होतो, त्यामागे बहुधा ई. कोलाय या जंतूची एक जात असते. ती दूषित पाणी आणि हातांवाटे येते आणि एक ते तीन दिवसांनी त्रास देते. गावातल्यांना तोच पदार्थ बाधत नाही आणि पाहुण्याला बाधतो, याचे एक कारण असे की गावातल्यांचे पोट त्या जंतूला आधी भेटलेले असते. पाहुण्याचे पोट नाजूक म्हणून त्याची चेष्टा करण्याचे कारण नाही.

गाडी निवडताना मी दोन मिनिटे बाजूला उभा राहून पाहतो. अंड्याच्या गाडीवर माझी पहिली नजर फेटलेल्या अंड्यांच्या जगवर जाते. गर्दी असली की गाडीवाला वीस-तीस अंडी एकदम फोडून जगमध्ये ठेवतो आणि तो जग शेगडीच्या उबेला तासन्‌तास राहतो. वीसांपैकी एका अंड्यात जंतू असला तरी आता तो सगळ्यांच्या वाट्याला आला, आणि उबेत वाढतही गेला. वरून घाईत ऑम्लेट एकाच बाजूने भाजले जाते. पुतण्याचे आणि मेहुण्यांचे ऑम्लेट अशाच जगमधले होते, हे त्यांनी नंतर सांगितले. म्हणून अंडे आपल्यासमोर फोडायला सांगावे आणि उलटवून नीट भाजून घ्यावे. गाडीवाल्याला राग येत नाही, फार तर अर्धा मिनिट जास्त जातो. उकडलेले अंडे हवे असेल तर कवचासकट घ्यावे, तडकलेले नको म्हणावे आणि स्वतः सोलावे. आधीच सोलून ताटात मांडलेले, किंवा बादलीतल्या पाण्यात गार केलेले अंडे घेऊ नये, कारण उकडलेले अंडेही गार होताना पाणी आत ओढते. शेजारचा मुलगा सोलण्याच्या त्या सवयीने वाचला असावा.

बाकी पदार्थांत एकच गोष्ट पाहावी, की तो शेवटचा कधी उकळला किंवा तळला गेला आणि त्यानंतर त्याला काय लागले. कढईतून आत्ता काढलेला आलुबोंडा चांगला, सकाळचा ताटातला नुसता कोमट केलेला नको. तर्री-पोह्यांची तर्री शेगडीवर उकळत असेल तर तिची भीती नाही, वरचा चिरलेला कच्चा कांदा आणि पातळ चटणी यांची आहे. चटणीत घागरीतले पाणी असते आणि ती पुन्हा कधीच तापत नाही. गुपचूपचे पाणी याच कारणाने मी पाहुण्यांना पाजत नाही. त्यात हात वारंवार बुडतो, आणि चिंचेच्या आंबटपणाने सगळे जंतू मरतात यावर विसंबण्यात अर्थ नाही. बर्फ घातलेला उसाचा रस आणि गोळा टाळावा, कारण गोठल्याने जंतू मरत नाहीत. उकळलेला चहा, स्वतः सोललेले संत्रे आणि केळे यांबाबत निश्चिंत राहावे. बशा एकाच बादलीत बुचकळून ओल्याच पुढे येत असतील तर कोरड्या द्रोणात किंवा कागदावर मागावे. पैसे घेणारा आणि खाणे वाढणारा माणूस वेगळा असेल तर ती गाडी मला निम्मी पसंत पडते.

तरीही पोट बिघडले तर

जुलाबात माणूस जंतूपेक्षा पाणी गेल्याने अधिक लवकर खचतो, म्हणून पहिल्या जुलाबापासूनच ओआरएस द्यावे. मोठे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळावे, अर्ध्या ग्लासात थोडे थोडे नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे, चमचा चहाचा घ्यावा. उलटी होत असेल तर दहा मिनिटे थांबून चमच्याचमच्याने पाजावे. तयार केलेले पाणी चोवीस तासांनी फेकून नवे करावे. लहान मुलांना जुलाबात झिंकच्या गोळ्याही देतात, त्या आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात मिळतात.

ताप असताना किंवा शौचात रक्त दिसत असताना जुलाब थांबवणारी गोळी घेऊ नये, कारण त्याने जंतू आतच अडकून राहतो. दुकानातून मनाने अँटिबायोटिकही आणू नये. साध्या सॅल्मोनेलात त्याने दुखणे लवकर बरे होत नाही, उलट जंतू शरीरात जास्त दिवस टिकू शकतो. रक्त पडणे, अंगात जोराचा ताप, सहा तासांत लघवी न होणे, डोळे खोल जाणे, पाणीही पोटात न टिकणे किंवा बाळ सुस्त पडणे, यांपैकी काहीही दिसले की थेट प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे, रात्र असेल तर 108 ला फोन करावा. पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांच्या बाबतीत इतकी लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. केंद्रात पोहोचल्यावर डॉक्टरांना त्रास किती वाजता सुरू झाला आणि आधीच्या दोन-तीन दिवसांत काय काय खाल्ले, ते सांगावे. मेहुण्यांच्या वेळी मी तो कागद सोबत नेला होता, आणि त्यावरूनच तेथील डॉक्टरांनी भाताचे व अंड्याचे दुखणे वेगळे काढले. बरे वाटल्यावरही आठवडाभर मेहुण्यांनी कोणाला वाढले नाही आणि स्वयंपाकाला हात लावला नाही, कारण जुलाब थांबल्यावरही सॅल्मोनेला काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो.